मॅनेजरला द्यायच्या त्या 'रेडिमेड लेटर'चं पोस्टमॉर्टम

"आयटीवाल्यांनो, सेव्ह करून ठेवा. हे लेटर दिलं की मॅनेजर सीआयएसएसपीची फी नाकारूच शकत नाही. लेटरमध्ये लिहा: १) मी सीआयएसएसपी झालो की कंपनीत डेटा ब्रीच होणार नाही, कोट्यवधी वाचतील. २) अनुभवाची अट फक्त कागदावर आहे, परीक्षा पास झालो की लगेच टेंडरमध्ये 'आमच्याकडे सीआयएसएसपी आहे' असं टाकता येईल. ३) सर्ट-इनच्या नियमाने प्रत्येक कंपनीत सर्टिफाइड माणूस सक्तीचा आहे. आणि बाँड मागितला तर बिनधास्त सही करा, भारतात बाँड चालतच नाही."

सीआयएसएसपी म्हणजे सायबर सिक्युरिटीचं सर्टिफिकेट, आणि त्याची फी कंपनीने भरावी म्हणून हा असा मेसेज फिरून राहिला. त्यातलं लेटर माझ्या भाच्याने नाव-गाव बदलून जवळपास सेंड केलंच होतं, फक्त त्याआधी "मामा, एकदा बघ ना" म्हणून मला टाकलं म्हणून वाचला. पोट्टा नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत अडीच वर्षांपासून सर्व्हर आणि युजर अ‍ॅक्सेसचं काम करून राहिला, चांगलं करून राहिला, आणि हे असलं काहीतरी साहेबांच्या मेलबॉक्समध्ये टाकणार होता. मी स्वतः सिक्युरिटीचंच काम बघतो, अशी लेटरं माझ्या टेबलावरही येतात, त्यामुळे दुसऱ्या बाजूने ती कशी दिसतात ते सांगतो.

आधी दुसरा मुद्दा, कारण बाकीच्यांनी हसं होईल, याने नोकरी जाईल. सीआयएसएसपी देणारी संस्था आयएससी-टू, आणि तिचा नियम तिच्याच साइटवर स्पष्ट लिहिलेला आहे: आठ विषयांपैकी किमान दोन विषयांत मिळून ५ वर्षांचा पगारी अनुभव पाहिजे. चार वर्षांची डिग्री असेल तर त्यातलं १ वर्ष सुटतं. म्हणजे भाच्याचं बी.ई. धरून ४ वर्षं लागतात, आणि त्याची अडीच पूर्ण झाली, तीही सगळी मोजली गेली तर. अनुभव कमी असताना परीक्षा देता येते हे खरं आहे, पण पास झाल्यावर तुम्ही 'असोसिएट ऑफ आयएससी-टू' होता, सीआयएसएसपी नाही. अनुभव भरून काढायला ६ वर्षांची मुदत मिळते. तोवर नावापुढे सीआयएसएसपी लावायचं नाही, लोगो वापरायचा नाही, 'सीआयएसएसपी असोसिएट' असंही लिहायचं नाही. आणि अनुभव पूर्ण असला तरी पास झाल्यावर आधीच सर्टिफाइड असलेल्या एखाद्या मेंबरने तुमच्या अनुभवाला दुजोरा द्यावा लागतो, मग अर्ज तपासला जातो, मगच सर्टिफिकेट. "लगेच" कुठून आलं बावा?

आता हे टेंडरमध्ये टाकल्यावर काय होतं ते बघा. मॅनेजरने तुमच्यावर विश्वास ठेवून क्लायंटच्या फॉर्मवर 'सीआयएसएसपी: १' भरलं, क्लायंटने मेंबर नंबर मागितला आणि पडताळून पाहिला, ते तर पाच मिनिटांचं काम आहे, तर खोटी माहिती कंपनीने दिली असं होतं. सही मॅनेजरची, लेटर तुमचं. मग पुढच्या अप्रेझलमध्ये काय होईल ते मी काऊन सांगू.

पहिला मुद्दा वाचून मॅनेजर पुढचं वाचायचंच सोडतो. एका माणसाच्या परीक्षेने ब्रीच थांबत नाही. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचं अकाउंट चालू राहिलं, पॅच राहून गेला, कोणी तरी बनावट मेलवर पासवर्ड टाकला, या वाटांनी गोष्टी घडतात आणि यातलं एकही सर्टिफिकेटने आपोआप बंद होत नाही. 'कोट्यवधी' हा आकडा तर कुठूनच आलेला नाही. फायदा असा लिहा की मॅनेजरला सहा महिन्यांनी स्वतः तपासता येईल.

भाच्याचंच उदाहरण घ्या. त्याला मी विचारलं, ऑडिटर दरवर्षी कशावर बोट ठेवतो? तर म्हणे, माणूस कंपनी सोडतो, एचआरचा मेल येतो, आणि त्याचं व्हीपीएन-ईमेल बंद व्हायला पाच-सहा दिवस लागतात. घ्या, हाच फायदा. दोन्ही तारखा तिकीट सिस्टिममध्ये आहेतच: एचआरचा मेल कधी आला, अकाउंट कधी बंद झालं. मागच्या तिमाहीतली सगळी तिकिटं काढ, सरासरी लिही, आणि पुढे लिही की या परीक्षेत अ‍ॅक्सेस कंट्रोल हा पूर्ण विषय आहे, अभ्यास करत करत मी ही प्रोसेस हातात घेतो आणि दोन तिमाहीत हे काम त्याच दिवशी व्हायला लागेल. दर तिमाहीला कोणाकडे कोणता अ‍ॅक्सेस आहे त्याची यादी टीम लीडकडून सही करून घेईन. झालं नाही तर आकडा सगळ्यांसमोर असेल. अशा लेटरला नाही म्हणायला मॅनेजरलाही जड जातं.

आणि परीक्षाही बदलायला लावली. त्याच संस्थेची एसएससीपी आहे, तिला एकाच विषयातला १ वर्षाचा अनुभव पुरतो, फी २४९ डॉलर. सीआयएसएसपीची ७४९. डॉलर ८५-९० रुपये धरला तर एकीकडे २१-२२ हजार आणि दुसरीकडे ६४-६७ हजार, वर टॅक्स. शिवाय दरवर्षी १३५ डॉलर मेंबरशिप, हे लेटरमध्ये लिहायचं लोक हमखास विसरतात आणि मग पुढच्या वर्षी अकाउंट्सवाला विचारतो हे काय नवीन.

तिसऱ्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, मान्य करतो. सर्ट-इन म्हणजे केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था, तिच्या एप्रिल २०२२ च्या आदेशात सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं, लॉग १८० दिवस ठेवणं, संपर्कासाठी एक माणूस नेमणं हे सगळं आहे. पण त्या माणसाकडे अमुक सर्टिफिकेट पाहिजे असं त्यात नाही. कंपनीकडे आयएसओ २७००१, म्हणजे माहिती सुरक्षेच्या स्टँडर्डचं सर्टिफिकेट, असेल तर त्यातला ७.२ हा क्लॉज सांगा, तो खरंच कामाचा आहे: सिक्युरिटीचं काम करणारा माणूस शिक्षण, ट्रेनिंग किंवा अनुभवाने सक्षम आहे याचा लेखी पुरावा कंपनीने ठेवायचा असतो. सर्टिफिकेट हा तसा एक पुरावा, एकमेव नाही.

बाँडचं तर डोकंच फिरलं वाचून. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये ३ वर्षांच्या आत नोकरी सोडली म्हणून २ लाख भरायची अट वैध ठरवली. प्रत्येक बाँड तसाच टिकेल असं नाही, रक्कम वाजवी पाहिजे, पण "चालतच नाही" म्हणून डोळे मिटून सही करणाऱ्याला नंतर वकील शोधत फिरावं लागतं. त्यापेक्षा अट आपणच लेटरमध्ये लिहायची. भाच्याने लिहिलं: खर्च समजा २४ हजार, वर्षाच्या आत सोडलं तर परत करीन, पण दर महिन्याला २ हजार कमी होत जातील. पाचव्या महिन्याच्या शेवटी गेला तर १४ हजार देणं, वर्ष झालं की शून्य. आणि नापास झालो तर दुसऱ्या प्रयत्नाची फी माझी, ही ओळ त्याला आवडली नाही, पण ठेवायला लावली, कारण मॅनेजरच्या मनात तोच प्रश्न आधी येतो.