काकूंचा डबा फोकसमध्ये आणताना

मोबाइलच्या कॅमेऱ्याला चेहरा दिसला की बाकीच्या जगाचा विसर पडतो. लोणची-मसाले विकणाऱ्यांचा फोटो काढताना नेमकी हीच गोष्ट आडवी येते, कारण विकायचा असतो डबा आणि टिपला जातो चेहरा. ठाण्यात नौपाड्यात माझे डीटीपीचे छोटे दुकान आहे आणि दिवाळी जवळ आली की असे फोटो माझ्याकडे येऊ लागतात. यंदा एका काकूंनी आणलेला फोटो मात्र या प्रकारातला आदर्श नमुना म्हणावा असा होता. काकूंनी मेतकुटाचा गोल डबा हात लांब करून थेट कॅमेऱ्यासमोर धरला होता. मागे त्यांच्या पापण्यांचे केस मोजता येत होते, आणि पुढे डब्यावर लालसर धुके पसरले होते. त्या धुक्यात आपला लोगो आहे, असे काकूंचे म्हणणे होते.

"अहो, जरा शार्प करून द्या. स्टॉलवर सहा फुटी फ्लेक्स लावायचाय," त्या म्हणाल्या.

"दादा, झूम केलं की दिसतंय बघा," असे म्हणून त्यांच्या भाच्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला. धुकेही तितक्याच निष्ठेने मोठे झाले.

फोटो पुन्हा काढण्याचा सर्वांत स्वस्त उपाय मी सुचवून पाहिला. परंतु गेल्या दिवाळीतले डबे संपले होते, लेबले छापणारा छापखाना बंद झाला होता, आणि लोगोची मूळ फाइल त्या छापखान्याच्या संगणकाबरोबर कुठे गेली हे कोणालाच ठाऊक नव्हते. यंदाचे डबे लेबलाची वाट पाहत उघडेच उभे होते. शिवाय काकूंचे स्वतःचे एक कारण होते. "असं हसू पुन्हा यायचं नाही. त्या दिवशी हे नुकतेच गावाला गेले होते." या कारणापुढे मी निरुत्तर झालो.

'शार्प करा' म्हणणाऱ्याची कल्पना अशी असते की तपशील फोटोत कुठेतरी दडून बसला आहे आणि संगणकाने दटावले की तो बाहेर येईल. प्रत्यक्षात फोकस चुकला की वस्तूवरच्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश सेन्सरवर एका छोट्या चकतीएवढा पसरतो आणि शेजारच्या चकत्या एकमेकींवर चढतात. फोटोशॉपमधले Unsharp Mask हे हत्यार त्या गोंधळातला काळ्या-पांढऱ्याचा फरक तेवढा वाढवते, त्यामुळे पुसट कडेभोवती एक उजळ कड उमटते, आणि अक्षर वाचता येण्याऐवजी त्याला नुसते तेजोवलय प्राप्त होते. तरीही मी ते भाच्याला करून दाखवले, कारण अशा प्रसंगी समजावण्यापेक्षा दाखवणे लवकर उरकते.

त्याची पुढची सूचना 'ऑटो ट्रेस' ही होती. इलस्ट्रेटरमध्ये Image Trace नावाची सोय आहे. ती चित्रातल्या रंगांच्या सीमा शोधून त्यांच्यावरून रेघा ओढते. सीमा नीट असेल तर ती उत्तम चालते, पण सीमाच पसरलेली असेल तर ती त्या पसरटपणाचीच अत्यंत काटेकोर नक्कल करते. लोगोतल्या नावात एक 'ळ' होता. त्याचा शेंगदाणा झाला. अनुस्वार शिरोरेषेला जाऊन चिकटला, लोगोतल्या खलबत्त्याचा बत्ता खलात विरघळला, आणि या सगळ्या बोथट आकारांभोवती शेकडो बिंदूंची विनाकारण गर्दी जमली. थोडक्यात, लोगो हातानेच नव्याने काढायला हवा होता.

हाताने काढायचा म्हणजे कशावरून काढायचा? काकूंच्या पर्समध्ये एक जुने व्हिजिटिंग कार्ड निघाले. त्याच्यावरचा लोगो जेमतेम १८ मिलिमीटर रुंद होता, परंतु १२०० डीपीआयवर स्कॅन केल्यावर तो साधारण ८५० पिक्सेल झाला. फोटोत तोच लोगो ४२० पिक्सेलचा होता आणि त्याची प्रत्येक कड १४ पिक्सेलभर पसरलेली होती, म्हणजे फोटोपेक्षा कार्ड कितीतरी भरवशाचे होते. फक्त कार्डावरच्या खलबत्त्याशेजारी कढीलिंबाची डहाळी नव्हती, आणि डब्यावर ती होती. काकूंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "डहाळी नंतर आली. जाऊबाईंनी त्यांच्या डब्यावर मिरची टाकली म्हणून." अशा रीतीने अक्षरे आणि खलबत्ता कार्डावरून घ्यायचा, आणि डहाळी तेवढी धुक्यातून ओढून काढायची, असे ठरले.

धुक्यातली कड शोधण्यात एक गंमत आहे. पांढरे संपून काळे सुरू होताना मध्ये जी उतरण दिसते, तिच्या ऐन मध्यावर खरी कड असते, हे सरळ रेषेपुरते बरोबर आहे. परंतु हा मध्य डोळ्यांनी ठरवायला गेले की फसगत होते, कारण फोटोच्या फाइलमध्ये प्रकाश सरळ प्रमाणात साठवलेला नसतो. ० म्हणजे काळे आणि २५५ म्हणजे पांढरे धरले, तर अर्धा प्रकाश १२८ वर येत नाही, तो सुमारे १८८ वर येतो. १२८ हा मध्य मानून रेघ ओढली की ती काळ्या बाजूला सरकते आणि पांढरी आकृती बाळसे धरते. त्यातही डहाळीचा देठ अवघा ९ पिक्सेलचा, म्हणजे कडेच्या पसरटपणाहून अरुंद. असा देठ कुठेच पूर्ण पांढरा होत नाही, नुसता फिका होतो, आणि त्याची जाडी किती होती हे फोटो पाहून नजरेने ठरवता येत नाही. त्याची मधली रेषा तेवढी विश्वासार्ह असते. मी ती ओढली आणि जाडी बत्त्याच्या बाह्यरेषेइतकी ठेवली, कारण मूळ चित्रकाराने सगळ्या रेषा एकाच जाडीच्या काढलेल्या कार्डावर दिसत होत्या. पानांची टोके अंधुकपणात नेहमी गोल होतात, म्हणून ती जिथे संपलेली दिसत होती तिथून किंचित पुढे नेऊन टोकदार केली.

'ळ' ला मात्र मी मनापासून वेळ दिला. पेन टूलने रेघ ओढताना नवशिका माणूस वळणावळणावर बिंदू ठोकत जातो आणि वळण खडबडीत होते. बिंदू वळणाच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकांवर ठेवावेत आणि त्यांच्यातून निघणाऱ्या, वळणाला दिशा देणाऱ्या दांड्या नेमक्या आडव्या किंवा उभ्या ओढाव्यात, म्हणजे मोजक्या बिंदूंत पोटे गरगरीत येतात. 'ळ' ची दोन पोटे वरकरणी सारखी भासतात, पण कार्डावर डावे पोट किंचित लहान होते. एकाची प्रत उलटवून दुसरे करण्याचा मोह मी त्यामुळे आवरला. लोगोचा बाहेरचा गोल मात्र सरळ वर्तुळाच्या हत्याराने काढला, कारण हाताने काढलेले वर्तुळ फक्त काढणाऱ्यालाच गोल दिसते.

लोगोखालच्या बारीक ओळीत अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक होता. फोटोत तिथे एक करडी पट्टी तेवढी उरली होती. "काहीतरी आकडे टाका, कोण वाचतंय," असे भाच्याने सुचवले. परवान्याचा आकडा डोळ्याला बरा दिसतो म्हणून बसवता येत नाही, हे मी त्याला शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले आणि काकूंना घरी फोन करून मूळ कागदावरून क्रमांक वाचून घ्यायला लावले. गावाहून परतलेल्या 'ह्यां'नी तो प्रत्येक आकड्यानंतर "घेतला का?" असे विचारत सांगितला.

आता लोगो फोटोत परत बसवायचा होता. जुन्या धुक्यावर नवा लोगो तसाच ठेवला तर त्याच्या कडेने जुना डोकावत राहतो, म्हणून आधी जुना पुसावा लागतो. डबा गोल असल्यामुळे येथे एक युक्ती चालते. उजेड डावीकडून येत असेल तर डब्याचा उजळ-गडदपणा डावीकडून उजवीकडे बदलतो, वरून खाली जवळजवळ नाही. लोगोच्या वरच्या कोऱ्या लाल भागाची एक पातळ आडवी पट्टी उचलून ती खाली ताणली, आणि लेबल छायेसकट कोरे झाले. मग नवा लोगो Smart Object म्हणून आणला, म्हणजे कितीही ओढाताण केली तरी मूळ रेषांना धक्का लागत नाही, आणि Warp वापरून तो डब्याच्या पोटावर गुंडाळला. डबा लेन्सच्या खालच्या पातळीवर असल्याने आडव्या रेषा मध्यभागी खाली झुकल्या पाहिजेत, आणि खालची ओळ वरच्या ओळीपेक्षा जास्त झुकली पाहिजे. कडेची अक्षरेही आक्रसली पाहिजेत. मध्यापासून ४० अंश वळलेले अक्षर मूळ रुंदीच्या पाऊणपटच दिसते. सगळ्यावर लेबलाच्या छायेचाच एक थर Multiply करून, म्हणजे खालचे रंग गडद करत, टाकला, कारण सावलीतले पांढरे अक्षर पांढरे राहिले की ते डब्यावर छापलेले न वाटता हवेत तरंगते.

इतके सगळे झाल्यावर जे समोर आले ते विलक्षण होते. धुक्यातल्या हातात, धुक्यातल्या डब्यावर, धुक्यातल्या झाकणाखाली एक लखलखीत लोगो असा काही बसला होता, की जणू काकूंनी डब्याला नंतर स्टिकर चिकटवला असावा. ज्या कडांसाठी एवढा जीव काढला, त्या आता मलाच परत मऊ करायच्या होत्या. लोगोला दीड पिक्सेलचा Gaussian Blur दिला, डब्याची बाहेरची कड आणि झाकणाची गोल कड नव्याने काढून त्याच मऊपणाची केली, आणि लेबलावर आलेला अंगठा लोगोखाली झाकला जाऊ नये म्हणून लावलेला मास्क मात्र अंगठ्याइतकाच पुसट ठेवला. शेवटी थोडा एकरंगी दाणा टाकला, कारण लेन्स चित्र अंधुक करते, सेन्सरचा दाणा करत नाही, आणि दाण्याविना गुळगुळीत राहिलेला तुकडा लगेच उघडा पडतो. सहा फुटी फ्लेक्सवर या फोटोचा एक पिक्सेल जवळपास अर्धा मिलिमीटर होतो. पूर्वी तिथे सहा मिलिमीटरहून रुंद धुके दिसले असते. आता स्टॉलसमोर उभ्या राहणाऱ्याला अनुस्वारसुद्धा वेगळा दिसणार होता. त्याच रेषा लेबलाच्या छपाईलाही पाठवता आल्या.

काकूंनी चष्मा लावून पडद्याकडे बराच वेळ पाहिले. डहाळीचे पान न् पान तपासले, जाऊबाईंच्या मिरचीपेक्षा ती उठून दिसते हे भाच्याकडून वदवून घेतले, आणि मग त्यांचे बोट हळूहळू डब्यावरून मनगटाकडे सरकले.

"बाकी झकास झालंय हो. पण माझ्या पाटल्या पितळेच्या वाटतायत. त्याही काढता येतील का अशाच?"

हात डब्याइतकाच पुढे होता, त्यामुळे पाटल्याही धुक्यात होत्या, आणि सोन्याच्या पाटलीची नक्षी ओढायला पेन टूल पुरत नाही, असे मी सांगू लागलो. तोवर भाच्याने मोबाइल काढला होता आणि काकूंनी पाटल्यांचा हात टेबलावर सरळ ठेवला होता.

"आता चेहरा मध्ये आणू नका," एवढेच मी म्हणालो.