परिषद शुक्रवारी संपते, परतीचं तिकीट रविवारचं काढा

परगावच्या परिषदेला जायचं, समारोपाचं भाषण अर्धवट सोडून विमानतळ गाठायचा आणि घरी येऊन "भुवनेश्वर बघितलं" म्हणायचं, ही पद्धत मला अजिबात पटत नाही. बघितलेलं असतं काय? हॉटेलचं गोठवणारं सभागृह, गळ्यात अडकवलेलं ओळखपत्र आणि दोन्ही दिवस तीच पनीरची भाजी. एवढा देश ओलांडून गेलोय तर शनिवार-रविवार तिथेच काढावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र हे दोन दिवस नुसते मागे चिकटवले तर ती सुट्टी होत नाही, लांबलेलं काम होतं. गेल्या हिवाळ्यात आमच्या क्षेत्राची परिषद भुवनेश्वरला होती, तेव्हा मी हे कसं जमवलं ते लिहिते. कोणाला तिकडे जायचं असेल तर उपयोग होईल.

आधी पैशाचं, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. "ऑफिसच्या पैशाने फिरायला गेली" ही कुजबुज कोणालाच नको असते. साधा उपाय म्हणजे निघायच्या आधीच लेखी परवानगी घ्यायची आणि परतीचं तिकीट पहिल्यापासून रविवारचंच काढायला लावायचं. शुक्रवारचं काढून नंतर बदललं तर बदलाचं शुल्क आणि भाड्यातला फरक असा दुहेरी भुर्दंड बसतो. मी ट्रॅव्हल डेस्कला मेल केली, तिच्यात शुक्रवार रात्रीचं भाडं आणि रविवार संध्याकाळचं भाडं, दोन्हींचे त्याच वेळी घेतलेले स्क्रीनशॉट जोडले आणि लिहिलं की रविवारचं महाग असेल तर फरक माझ्या पगारातून कापा. विषय तिथेच मिटला. भत्ता शुक्रवारी बंद, शुक्रवार रात्रीपासूनचं हॉटेल माझं. ऑफिसचा प्रवास विमा असेल तर तो या दोन दिवसांना लागू आहे का, तेही एचआरला एका ओळीत विचारून ठेवावं.

आणि हे काही चोरटं प्रकरण नाही. आयकराच्या नियमांतही कामाचा दौरा पुढे सुट्टी म्हणून वाढवला तर काय, याचा विचार केलेला आहे. वाढीव मुक्कामाचा खर्च मालकाने केला तर तेवढाच कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात सुविधा म्हणून धरायचा, मूळ दौऱ्याचा नाही. वाढीव खर्च आपणच करत असू तर प्रश्नच मिटला. त्यामुळे आमच्या अकाउंट्समधल्या काकांनी चष्म्यावरून बघितलं तेव्हा मला काही घाम फुटला नाही.

आता मुख्य मुद्दा. परिषदेचं हॉटेल सोडायचं, आणि जमलं तर गावही सोडायचं. बरेच जण परिषदेसाठी ठरलेल्या सवलतीच्या दरात त्याच खोलीत आणखी दोन रात्री राहतात. दर चांगला असतो हे खरं. पण शनिवारी सकाळी नाश्त्याला गेलात की शेजारच्या टेबलवर कालचाच वक्ता, आणि हातात इडलीची ताटली घेऊन पुन्हा तीच चर्चा. दुपारी मेल बघाविशी वाटते, कारण टेबल तेच, खुर्ची तीच, प्लगसुद्धा तोच.

भुवनेश्वरचा फायदा असा की पुरी तिथून साठेक किलोमीटर आहे आणि रेल्वेने दीड-दोन तासांत पोचता येतं. पुरी हे शेवटचं स्थानक, त्यामुळे उतरायची धांदल नाही. शुक्रवारी चारला समारोप झाला, सगळे विमानतळाच्या गाड्यांत बसले आणि मी नागपूरच्या एका मॅडमबरोबर स्टेशनला गेले. आमची ओळख परिषदेतच झालेली. त्यांचंही परतीचं तिकीट रविवारचंच होतं.

नकाशावर बघा. भुवनेश्वर, पुरी आणि कोणार्क यांचा त्रिकोण होतो. पुरी ते कोणार्क समुद्रालगतचा रस्ता पस्तीस किलोमीटरचा आणि कोणार्क ते भुवनेश्वर साधारण पासष्ट. म्हणजे एका बाजूने जायचं, दुसरीने परत विमानतळावर यायचं, कोणताच रस्ता दोनदा तुडवायचा नाही. दोन दिवसांच्या सुट्टीत ही गोष्ट फार मोलाची असते. चिल्का मी मुद्दाम वगळलं. पुरीहून सातपाड्याला जाणं, होडीतून फिरणं, डॉल्फिन दिसण्याची वाट बघणं, यात एक अख्खा दिवस जातो आणि मग उरलेल्या दिवशी सगळी पळापळ. ते वेगळ्या खेपेसाठी.

एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांच्या लक्षात येत नाही. पुरी पुण्यापेक्षा इतकी पूर्वेला आहे की तिथे सूर्य आपल्यापेक्षा पाऊण तास आधी उगवतो आणि मावळतो. डिसेंबरात पाच-सव्वापाचला सूर्यास्त! "दुपारी जरा झोपू, संध्याकाळी फिरू" हा आपला शिरस्ता तिथे चालत नाही. झोपून उठेपर्यंत अंधार पडलेला असतो. तेव्हा बेत सकाळी आखायचे आणि रात्री लवकर झोपायचं. (१ ते ५ डिसेंबरला कोणार्कचा नृत्यमहोत्सव असतो. त्या दिवसांत खोली आधीच पक्की करावी.)

शनिवारची सकाळ मी मोकळी ठेवली होती. समुद्रावर बसले, चहा प्यायले. पुरीचा समुद्र दिसायला देखणा, पण पायाखालची वाळू ओढणारा. तिथे नोलिया असतात, वेताची शंकूसारखी टोपी घातलेले कोळी जीवरक्षक. पाण्यात जायचंच असेल तर त्यांच्यापैकी एकाला बरोबर घेऊन, त्याचा हात धरून जावं. एक नोलिया माझ्या मागे लागला होता. त्याला म्हटलं, "भाऊ, मला नुसतं बसायचंय." त्याला ते काही केल्या पटेना.

जगन्नाथाच्या देवळात मोबाइल, कॅमेरा, चामड्याचा पट्टा, पाकीट काही चालत नाही, सगळं बाहेर जमा करावं लागतं. परिषदेची बॅग आणि लॅपटॉप घेऊन थेट देवळात जायचा विचार करत असाल तर आधी खोलीवर जा. हाफ पँट आणि फाटकी जीन्सही चालत नाही. हिंदू नसलेल्यांना आत प्रवेश नाही, म्हणून बरोबर कोण आहे हे बघूनच बेत करावा. सहकाऱ्याला दारात उभं करून आपण आत जाणं फार वाईट दिसतं. पंडे मागे लागतात. पहिल्याच वाक्यात ठाम नाही म्हणायचं आणि चालत राहायचं, थांबून गप्पा मारल्या की सुटका नाही.

सिंहद्वारासमोर एक उंच काळा स्तंभ आहे, एकाच दगडाचा, सोळा पैलूंचा, तेहतीसेक फूट उंच. वर सूर्याचा सारथी अरुण हात जोडून बसलाय. हा स्तंभ मुळात कोणार्कचा. १७५१ नंतर ओडिशा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता, त्या काळात मराठ्यांनी तो तिथून उचलून पुरीत आणला. हे ऐकल्यावर नागपूरच्या मॅडम जरा ताठ उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे दुसऱ्या दिवशी कोणार्कला गेल्यावर आपणच माफी मागायची का?"

दुपारी आवारातल्या आनंदबाजारात महाप्रसाद घेतला. मातीच्या कुडुव्यांत भात, डालमा, भाज्या. कांदा-लसूण नाही हे कळतं, पण बटाटा आणि टोमॅटोही नाहीत, कारण ते बाहेरून आलेले. स्वयंपाकघरात चुलीवर मडक्यावर मडकं रचून शिजवतात. विकणाऱ्याला भाव आधीच विचारावा आणि दोघांपुरतंच मागावं, नाहीतर चार जणांचा ढीग समोर येतो.

रविवारी पहाटे पाचला टॅक्सी बोलावली होती. हॉटेलवाल्याला "पुरी, कोणार्क आणि भुवनेश्वर विमानतळ" असा सरळ सौदा सांगायचा, म्हणजे सामान दिवसभर डिकीत राहतं. अ‍ॅपवर भरवसा ठेवून कोणार्कला उतरलात तर परत जायला गाडी मिळेलच असं नाही, आणि विमान कोणासाठी थांबत नाही. सुरूच्या बनातून रस्ता जातो, मध्ये रामचंडीला कुशभद्रा नदी समुद्राला मिळते. चंद्रभागा नावाच्या समुद्रकिनाऱ्यावर सव्वासहाच्या सुमारास सूर्य वर आला आणि तिथून तीन किलोमीटरवरचं सूर्यमंदिर आम्ही कोवळ्या उन्हात गाठलं. मंदिर पूर्वाभिमुख आहे, तेव्हा पुढची बाजू बघायची तर सकाळीच.

गाइड ओळखपत्र असलेलाच घ्यावा. आमच्या गाइडने दक्षिणेकडच्या एका चाकापाशी थांबवलं. चाक माणसाच्या दीडपट उंच, आठ जाड आरे आणि आठ बारीक. दोन जाड आऱ्यांमधलं अंतर म्हणजे एक प्रहर, तीन तास. त्याने आसावर बोट धरलं, सावली कडेवर कुठे पडते ते दाखवलं आणि वेळ सांगितली. मॅडमनी घड्याळ बघितलं. चार-पाच मिनिटांचा फरक. गर्दी झाल्यावर हे असं निवांत बघायला मिळत नाही, पाठीमागचे सेल्फीवाले ढकलतात.

काय नाही दिसणार तेही सांगते. मुख्य शिखर केव्हाच कोसळलंय, उभा आहे तो त्याच्या पुढचा सभामंडप, जगमोहन. इंग्रजांनी तो पडू नये म्हणून १९०३ च्या सुमारास वाळूने भरून दारं बंद केली. त्यामुळे आत जाण्याची अपेक्षा ठेवू नये, बाहेरून प्रदक्षिणा घालून बघायचं. तीन तास पुरे झाले. तिथल्या पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयाची सुट्टी शुक्रवारी असते, आमचा रविवार होता म्हणून तेही झालं.

परतीच्या रस्त्यावर निमापाड्याला गाडी थांबवून छेनाझिली खाल्ली. छेन्याची तळून पाकात सोडलेली वडी, गरम असतानाच खावी. विमान संध्याकाळचं होतं, म्हणून भुवनेश्वरच्या अलीकडे धौलीला वळलो. अशोकाचा शिलालेख तिथे खडकावर आहे, वर खडकातूनच बाहेर येणारा हत्ती. गंमत अशी की कलिंगातल्या संहाराचा पश्चात्ताप सांगणारा तेरावा लेख इथे, प्रत्यक्ष कलिंगात, कोरलेलाच नाही! त्याच्या जागी इथल्या अधिकाऱ्यांसाठी वेगळे आदेश आहेत, त्यांत सगळी माणसं माझी लेकरं आहेत असं राजा म्हणतो. युद्धात ज्यांची माणसं मेली त्यांनाच ते वाचायला लावायचं नव्हतं, असा तर्क मॅडमनी केला. मला तो पटला. विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेतही आम्ही त्याच्यावरच बोलत होतो. परिषदेतल्या सादरीकरणांचा विषय मात्र एकदाही निघाला नाही.

टॅक्सीचं बिल मी अकाउंट्सला लावलं नाही. हॉटेल ते विमानतळ एवढं भाडं तर शुक्रवारीही लागलंच असतं, मग तेवढं मागायला काय हरकत, असं नवऱ्याचं म्हणणं होतं. असेलही हक्काचं, पण तेवढ्या पैशांसाठी काकांना पुन्हा चष्म्यावरून बघायची संधी कशाला द्या.