तीन दिवस तीच सुई? सलाईनच्या ‘सोप्या युक्त्यां’ना उत्तर

“नर्सिंगच्या मुलामुलींसाठी चार सोप्या युक्त्या. एक, नेहमी मिळेल तेवढी जाड सुई लावा, सलाईन लवकर संपते. दोन, स्पिरिट ओले असतानाच टोचा, म्हणजे जंतू आत जात नाहीत. तीन, लाईन बंद पडली तर छोट्या सिरिंजने जोर लावून मोकळी करा. चार, हात लाल झाला किंवा दुखला तरी सुई तीन दिवसांच्या आत काढू नका, मलम लावा, दोन-तीन दिवस दुखणारच.”

हा मजकूर सोलापुरात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीने मला पाठवला आणि खाली विचारले, “मावशी, प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत असे सांगितले तर चालेल ना?” चालणार नाही. परीक्षेपेक्षाही वॉर्डात ते जास्त महागात पडेल, म्हणून शेवटच्या युक्तीपासून सुरुवात करते, कारण चारांमध्ये सर्वांत जास्त इजा तीच करणारी आहे.

लाल होणे आणि दुखणे ही शिरेच्या आतल्या अस्तराला सूज आल्याची खूण आहे आणि यालाच फ्लेबायटिस म्हणतात. ती तीन वाटांनी येते. कॅन्युला, म्हणजे सुईवरून शिरेत सरकवून तिथेच ठेवलेली प्लास्टिकची नळी, हलत राहिली की तिचे टोक अस्तरावर घासते. औषध फार आम्लधर्मी, फार अल्कधर्मी किंवा फार तीव्र असले की ते अस्तराला जाळते. आणि त्वचेवरचे किंवा आपल्या हातावरचे जंतू नळीच्या कडेने आत उतरले की संसर्ग होतो. यातले कोणतेही कारण असो, नळी आत आहे तोवर ते चालूच राहते. वरून लावलेल्या मलमाने दुखणे थोडे कमी झालेच, तर रुग्ण तक्रार करायचे थांबतो आणि आत सूज वाढत राहते, म्हणजे आपल्याला वेळेवर सावध करणारी एकमेव गोष्ट आपणच बंद केलेली असते.

एक उदाहरण घेऊ. कुंभारीच्या विडी घरकुलात राहणारी पंचेचाळिशीतली एक विडी कामगार मे महिन्यात जुलाब-उलट्यांनी दाखल झाली आहे आणि डॉक्टरांनी रिंगर लॅक्टेट सुरू करायला सांगितले आहे. सिस्टर शेजारी उभ्या आहेत आणि विद्यार्थिनी मदत करते आहे. पहिला प्रश्न जागेचा. मनगटाजवळची शीर सहज दिसते, पण मनगट वाकले की नळीही वाकते आणि तिचे टोक अस्तरावर घासते; म्हणून सांध्यापासून दूर, कोपर आणि मनगटाच्या मधली सरळ शीर निवडायची, आणि ती शक्यतो डाव्या हाताची, कारण ही बाई उजव्या हाताने जेवते आणि उजवा हात जास्त हलवणार. टर्निकेट, म्हणजे शीर फुगावी म्हणून बांधायचा पट्टा, टोचायच्या जागेच्या साधारण चार बोटे वर बांधायचे आणि मनगटावर नाडी लागते आहे ना हे पाहायचे. नाडीच गेली तर हातात रक्त उतरतच नाही, मग शीर भरणार कशी? पाणी कमी झालेल्या रुग्णाच्या शिरा बसलेल्या असतात, तेव्हा हात खाली सोडायला सांगावा, मूठ उघड-मीट करायला लावावी किंवा कोमट कापड थोडा वेळ गुंडाळावे. शिरेवर चापट्या मारू नयेत, त्या दुखतात आणि नाजूक शीर त्यानेच फुटू शकते.

हात धुवून, हातमोजे घालून, जागा स्वच्छ करून सुकू दिल्यानंतर सुईच्या टोकाची तिरपी बाजू वर ठेवून, त्वचा खालच्या बाजूला ताणून, १० ते ३० अंशांच्या कोनातून आत जायचे. मागच्या पारदर्शक भागात रक्त दिसले की नवशिके तिथेच थांबून प्लास्टिकची नळी पुढे ढकलतात, आणि ती शिरेबाहेरच अडकते. याचे कारण साधे आहे: सुईचे टोक नळीच्या थोडे पुढे असते, त्यामुळे रक्त दिसते तेव्हा सुई शिरेत असली तरी नळी अजून बाहेरच असू शकते. म्हणून कोन कमी करून सुई आणि नळी दोन्ही एकत्रच साधारण २ मिलिमीटर आणखी पुढे न्यायची आणि मग सुई जागेवर धरून फक्त नळी सरकवायची. सरकवताना अडली तर सुई पुन्हा नळीत घालायची नाही. धारदार टोकाने नळीचा तुकडा कापला जाऊन रक्ताबरोबर वाहून जाऊ शकतो. नळी पूर्ण आत गेली की आधी टर्निकेट सोडायचे, नळीच्या टोकाच्या पुढे शिरेवर बोटाने दाब द्यायचा, मग सुई काढून थेट शार्प्सच्या डब्यात टाकायची. ०.९ टक्के सलाईनच्या ५ ते १० मिलिलिटरने फ्लश करताना जागेभोवती फुगवटा येतो का ते पाहायचे, आणि शेवटी नळी हलणार नाही अशी पारदर्शक ड्रेसिंगने बसवायची. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामाने मायक्रोपोर सुटतोच. सुटलेल्या पट्टीखाली नळी दिवसभर मागे-पुढे होते, आणि फ्लेबायटिसचा पहिला रस्ता तिथूनच उघडतो. तारीख आणि वेळ ड्रेसिंगवर व नोंदवहीत, दोन्हीकडे लिहायची.

दुसऱ्या दिवशी या बाईच्या ५०० मिलिलिटर सलाईनमध्ये पोटॅशियम क्लोराइडचे २० मिलिइक्विव्हॅलंट मिसळून हळूहळू द्यायचे ठरते. पोटॅशियम शिरेला झोंबते, म्हणून त्या दिवशी जागा जास्त वेळा पाहावी लागते. पाहायची कशी, यासाठी अँड्र्यू जॅक्सन यांनी १९९८ मध्ये मांडलेला ० ते ५ गुणांचा व्हीआयपी स्कोअर, म्हणजे जागा डोळ्यांनी पाहून फ्लेबायटिसला गुण देण्याची पद्धत आहे. सकाळी काहीच नाही, म्हणजे ०. दुपारी बारा वाजता किंचित दुखते, म्हणजे १. या टप्प्यावर नजर ठेवायची. दोन वाजता दुखणे आहे आणि लालीही आहे, म्हणजे २, आणि वेदना, लाली, सूज यांपैकी दोन खुणा जमल्या की कॅन्युला काढायची, मग ती लावून तीसच तास झाले असले तरी. ड्रिप थांबवायची, सिस्टरला सांगायचे, नळी काढून गॉझने दाबून धरायचे, नवी जागा शक्यतो दुसऱ्या हातावर शोधायची, आणि दुखऱ्या हातावर नजर पुढचे दोन दिवस तरी ठेवायची, कारण नळी काढल्यावरही सूज येऊ शकते. त्या युक्तीप्रमाणे तिसऱ्या दिवसाची वाट पाहिली, तर शिरेच्या मार्गावर बोटाला घट्ट दोरीसारखी गाठ लागते, म्हणजे ४. त्यावर ताप चढला की ५. विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईला आठवडाभर हात हलवता येणार नाही आणि तिची मजुरी बुडेल, हे त्या मजकुरात कुठेच लिहिलेले नाही.

‘तीन दिवस’ हा आकडा अगदीच हवेतून आलेला नाही, हे नाइलाजाने मान्य करते. अनेक रुग्णालयांत ७२ ते ९६ तासांनी कॅन्युला बदलण्याचा लेखी नियम आहे, आणि जिथे तो आहे तिथे विद्यार्थ्यांनी तो पाळावा. पण ती सर्वांत जास्त मुदत आहे. तोपर्यंत काढूच नका असा तिचा अर्थ कोणत्याही नियमात नाही. उलट अपघात विभागात घाईत, नीट स्वच्छता न करता लावलेली कॅन्युला तर ४८ तासांच्या आतच बदलायची असते. शिवाय या मुदतीचा आधारही तपासला गेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या तीन रुग्णालयांतील ३२८३ रुग्णांवरचा एक अभ्यास २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. एका गटाची कॅन्युला ठरावीक मुदतीने बदलली, दुसऱ्याची केवळ गरज दिसली तेव्हा. फ्लेबायटिस दोन्हीकडे सारखाच, ७ टक्के रुग्णांना झाला. लक्षात घ्या, दुसऱ्या गटात लक्षण दिसताच कॅन्युला काढली जात होती, ती मलम लावून चालू ठेवली जात नव्हती. कॅलेंडर शिरेचे रक्षण करत नाही, जागा रोज नीट पाहणारी व्यक्ती करते.

जाड सुईबद्दल अर्धे खरे आहे. अपघात, बाळंतपणातला रक्तस्राव, मोठी शस्त्रक्रिया अशा वेळी १६ किंवा १८ नंबरची, म्हणजे राखाडी किंवा हिरवी कॅन्युला लागतेच, कारण भरभर द्रव द्यायचा असतो. पण आपल्या उदाहरणातल्या बाईला गुलाबी २० किंवा निळी २२ पुरते. नंबर वाढला की कॅन्युला बारीक होते, हे पहिल्या वर्षात बहुतेकांचे उलटे होते. बारीक नळीभोवती शिरेत रक्त वाहायला जागा राहते आणि आत येणारे औषध त्या रक्तात लगेच पातळ होते; जाड नळी शीर बुजवून टाकते, मग पोटॅशियमसारखे औषध अस्तराला चिकटून वाहते.

ओल्या स्पिरिटबद्दल जास्त लिहीत नाही. जंतू मरायला वेळ लागतो, म्हणून २ टक्के क्लोरहेक्सिडिन आणि ७० टक्के अल्कोहोलच्या मिश्रणाने ३० सेकंद घासून ते आपोआप पूर्ण सुकू द्यायचे. फुंकर मारायची नाही, पंख्याखाली धरायचे नाही, आणि सुकल्यावर शीर पुन्हा बोटाने चाचपायची नाही. ओले असताना टोचले की थोडे अल्कोहोल सुईबरोबर आत जाते आणि अस्तराला झोंबते, शिवाय वरची ड्रेसिंगही नीट चिकटत नाही.

राहिली बंद पडलेली लाईन. आधी क्लॅम्प, थ्री-वेची तोटी, नळीतला पीळ आणि हाताची ठेवण पाहा. बहुतेक वेळा तिथेच उत्तर सापडते. मग १० मिलिलिटरच्या सिरिंजने हलक्या हाताने सलाईन देऊन पाहा. तेवढ्याच जोराने छोटी सिरिंज दाबली तर आत दाब कितीतरी जास्त तयार होतो, आणि नळीच्या टोकाशी साचलेली गुठळी पुढे ढकलली जाते किंवा शीर फुटते. जागा फिकी, थंड आणि फुगलेली लागली तर सलाईन शिरेबाहेर साचते आहे. गरम, लाल आणि शिरेच्या रेषेत दुखत असेल तर तो फ्लेबायटिस. दोन्ही वेळा, आणि हलक्या हाताला विरोध जाणवला तरीही, कॅन्युला काढायचीच.