गेटचं वजन ९८ किलो की ११८? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "सर, तुमची सूत्रं कागदावरच ठीक आहेत. माझं गेट ३.६ मीटर रुंद, १.५ मीटर उंच, दोन झडपांचं. फ्रेमला ४० चा मीडियम गोल पाईप, ३.२ मिमी जाड. आत २५×५ च्या उभ्या पट्ट्या, झडपेला १७, आणि ४०×६ च्या दोन आडव्या. हिशोब आला ९८ किलो, फॅब्रिकेटरचं बिल ११८ चं. वीस किलोचा फरक कोणाच्या खिशात गेला?"

बिलातला मोठा फरक तुमच्या पाईपच्या ओळीत आहे. गोल पाईपचं दर मीटर वजन म्हणजे (बाहेरचा व्यास − जाडी) × जाडी × ०.०२४६६. तुम्ही बाहेरच्या व्यासाच्या जागी ४० घातलेत. पण दुकानातला '४० चा पाईप' हा ४० एनबी असतो. तो आकडा नुसता ओळखीपुरता, मोजपट्टी लावली तर बाहेरचा व्यास ४८.३ मिमी भरतो. तो घातला की दर मीटर २.९० ऐवजी ३.५६ किलो येतात. तुमच्या दोन्ही चौकटींना मिळून १३.२ मीटर पाईप लागतो, म्हणजे ३८.३ नाही, ४७ किलो. पावणेनऊ किलो इथेच सापडले. चौकोनी पाईपला हा घोळ नसतो, तिथे ५० म्हणजे बाहेरून ५० च.

पट्ट्यांचा तुमचा हिशोब बरोबर आहे. रुंदी × जाडी × ०.००७८५ केलं की २५×५ चं मीटरला ०.९८ किलो येतं. १.४ मीटरच्या ३४ पट्ट्या म्हणजे ४७.६ मीटर, ४६.७ किलो. ४०×६ ची ६.८ मीटर पट्टी १२.८ किलो. नुसता माल झाला १०६.५. त्यात बिजागऱ्या, कडी आणि खालचा बोल्ट मिळून पाच किलोच्या आसपास धरा, वेल्डिंगच्या रॉडचा धातू दीड किलो. आकडा ११३ वर पोचतो. बिलातले ५ किलो उरले, आणि विचारायचं असेल तर याच पाचांबद्दल विचारा.

ते बहुतेक तुकड्यांचे आहेत. पाईप साधारण ६ मीटरचा येतो. कागदावर १.५ मीटरचे चार उभे तुकडे एका नळीत नेमके बसतात, पण कटरची चकती दर कापाला दोन-तीन मिमी खाते आणि शेवटचा तुकडा आखूड पडतो. म्हणून कारागीर एका नळीतून १.८ चे दोन आणि १.५ चा एक असे काढतो, मागे ०.९ मीटर उरतो. अशा दोन नळ्या गेल्या की ६.४ किलोचे थोटके. २५×५ ची एक पट्टी चार तुकडे देते आणि ०.४ मीटर वाया जाते. आठ पट्ट्यांत तीन किलो गेले. एकूण साडेनऊ किलोचे तुकडे पडणार होते, त्यातले जेमतेम निम्मे त्याने तुमच्यावर लावलेले दिसतात. तिसऱ्या नळीतला राहिलेला ३ मीटरचा लांब तुकडा मात्र पुढच्या कामाला चालतो, त्याचे पैसे ग्राहकाने द्यायचे नसतात. आणि थोटक्यांचे पैसे घेतले असतील तर ते थोटके तुमचे. भंगारवाला त्याचेही पैसे देतो.

मला यापेक्षा दुसरीच शंका येते: ११८ हा आकडा काट्यावरचा की सूत्रावरचा? सूत्रावरचा असेल तर पाईप खरंच ३.२ चा होता का, ते बघायला हवं. ४० एनबीचा लाइट पाईप २.९ मिमीचा असतो, मीटरला ३.२३ किलो. बाहेरचा व्यास तोच, म्हणून बाहेरून बघून कळत नाही. तुमच्या गेटला तो वापरला तर साधारण ४.४ किलो कमी भरतात, आणि बिल मीडियमचं आलं तर तेवढे जास्त मोजले. नवीन नळीवर मीडियमला निळा पट्टा असतो, लाइटला पिवळा; पण कापलेल्या तुकड्यावर तो राहतोच असं नाही. कापलेल्या टोकाला व्हर्नियर लावा, कापताना काठाला आलेली बर घासून काढून. पट्टीचंही तसंच. स्वस्त री-रोलिंगच्या मालात ५ ची पट्टी ४.६ ची निघाली तर तुमच्या ३४ पट्ट्यांत पावणेचार किलो कमी होतात. काट्यावर बिल झालं तर पातळ मालाने तुमचे पैसे जात नाहीत, पण झडप लवकर झुकते.

गेट अजून बसवलं नसेल तर रंग लावायच्या आधी दोन्ही झडपा जवळच्या वजनकाट्यावर न्या, बिजागऱ्यांसकट. माल खरा असेल तर १११ ते ११४ च्या दरम्यान भरतील. १०५ च्या खाली आले तर व्हर्नियर घेऊनच फॅब्रिकेटरकडे जा.