बारा मिनिटांच्या उशिरासाठी अर्धा दिवस

"आमच्या कंपनीत महिन्यात तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस रजा कापतात. रजा शिल्लक नसेल तर पगार कापतात. हे कायदेशीर आहे का?"

पुण्यातल्या भाच्याने घरच्या ग्रुपवर हे विचारलं आणि पहिलं उत्तर वहिनींचं आलं. त्या एचआरमध्ये आहेत. "ऑफर लेटरवर सही केलीस ना? मग विषय संपला." तेव्हापासून मला चैन नाही. सहीने शिस्तीचे नियम लागू होतात हे खरं, पण पगारातून किती कापायचं याची मर्यादा कायद्याने घातली आहे आणि ती सहीने पुसता येत नाही.

इथे जर्मनीत एस-बान, म्हणजे लोकल, चुकली की ग्लाइटत्साइटमध्ये, म्हणजे लवचिक वेळेच्या हिशोबात, तेवढी मिनिटं उणे होतात. रोजच उशीर झाला तर अबमानुंग, म्हणजे लेखी ताकीद, हातात पडते, पण वार्षिक सुट्टीला कोणी हात लावत नाही. हे लिहिलं की दादा लगेच म्हणतो, "तू तिकडून बोलू नकोस." मान्य. पण मी तिकडचा कायदा इकडे आणत नाहीये. मिनिटांइतकाच पगार कापण्याचं तत्त्व आपल्याकडे 1936च्या वेतन प्रदान कायद्याच्या कलम 9 मध्ये होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेच्या कलम 20 मध्येही ते आहे: एकूण कामाच्या वेळेच्या जितक्या भागात माणूस गैरहजर, पगाराचा तितकाच भाग कापायचा, जास्त नाही.

भाच्याचा हिशोब मांडू. पगार 26,000 रुपये, 26 दिवस, रोज आठ तास, म्हणजे महिन्याची 12,480 मिनिटं. तीन वेळचा उशीर 12, 10 आणि 20 मिनिटं, एकूण 42. कापता येतात 87 रुपये 50 पैसे. अर्ध्या दिवसाचे होतात 500. वरचे 412 रुपये 50 पैसे गैरहजेरीचे नाहीतच, कारण त्या वेळेत त्याने काम केलं आहे. मात्र संध्याकाळी तेवढाच वेळ जास्त थांबलं की सकाळची मिनिटं आपोआप भरून निघतात, असं कलम म्हणत नाही.

कारखान्यात पर्सोनेलमध्ये आयुष्य घालवलेल्या काकांनी इथे मला अडवलं. "कंपनी म्हणेल हा दंड आहे. दंडाची मर्यादा पगाराच्या तीन टक्के, म्हणजे 780 रुपये. 500 त्यात बसतात." बरोबर, आकडा बसतो. पण दंडासाठी कोणत्या चुकांना दंड होईल याची यादी शासनाकडून आधी मंजूर करून लावावी लागते, कामगाराला बाजू मांडू द्यावी लागते, दंड नोंदवहीत चढतो आणि ते पैसे कामगारांच्या हितासाठीच खर्च करावे लागतात. हजेरीच्या सॉफ्टवेअरने महिनाअखेर आपोआप केलेल्या कपातीत यातलं काय झालेलं असतं? काका म्हणाले, यादी मंजूर करून घेतलेली त्यांनी फार थोड्या ठिकाणी पाहिली. त्यांनी आणखी एक आठवण करून दिली: जुन्या कायद्याला महिना 24,000 रुपये पगाराची कमाल मर्यादा होती, नव्या संहितेत ती नाही. म्हणून भाच्याने कोणत्या महिन्याची कपात ते आधी बघावं.

दादाचं वेगळंच. "आमच्या ऑफिसात उशीर झाला की अर्धी सीएल जाते, आम्ही कधी कोर्टात गेलो?" तो केंद्र सरकारी नोकर आहे. त्याच्या सेवानियमांत ते लिहिलेलं आहे आणि महिन्यात दोनदा एक तासापर्यंतचा उशीर माफही करता येतो. खासगी कंपनीला ते नियम लागत नाहीत.

अडचणीचा भाग रजेचा आहे. पगाराला हात न लावता नुसती रजा कापली, तर कलम 20 सरळ लागू होत नाही. महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्याने, जिथे वीस किंवा जास्त कामगार आहेत तिथे, वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि 240 दिवस भरल्यावर दर वीस दिवसांना एक अर्जित रजा दिली आहे. माझ्या मते या वैधानिक रजेतून शिक्षा म्हणून अर्धा दिवस काढता येणार नाही, कंपनीने त्यावर दिलेल्या जादा रजेतून काढता येईल. काकांना हे पटत नाही. ते म्हणतात, रजा मंजूर करणं मालकाच्या हातात असतं. यावर आमचं जुळलं नाही.

भाच्याने आधी पगारपत्रक बघावं. कपात बिनपगारी रजेच्या रकान्यात आहे की रजेच्या खात्यात, यावर सगळं ठरतं. मग पंचिंगचा तपशील आणि धोरणाची प्रत ईमेलने मागवावी, मिनिटांचा हिशोब लिहून फरक मागावा. नाही मिळाला तर संहितेच्या कलम 45 खाली प्राधिकाऱ्याकडे दावा करायला तीन वर्षं आहेत. पण वारंवार उशिराबद्दल कंपनी त्याला नोटीस देऊ शकते, गैरवर्तन म्हणून चौकशीही लावू शकते, हे त्याने धरून चालावं.

वहिनींनी शेवटी विचारलं, "तुम्हाला काय एवढं पडलंय?" मला इथे बेट्रीब्सराटकडे, कंपनीतल्या कामगारांच्या निवडून दिलेल्या समितीकडे, जाऊन भांडता येतं, आणि तरीही भांडावंसं वाटतं ते पुण्यातल्या त्या पाचशे रुपयांसाठी. तिथलं पगारपत्रक वाचताना मला एक शब्दही अडत नाही.