सरळ रेघ दिसली की शंका घ्या

“निवृत्तीला दोनच वर्षं उरलीत, सगळं स्क्रीनवर गेलंय. आता आपल्याला विचारतो कोण?” असं तुम्ही म्हणता.

विचारतात हो, पण स्क्रीनवर न दिसणारं काही ठाऊक असेल तर. मी वडोदऱ्यात एका केमिकल प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, माझंही लवकरच आटोपतंय. डीसीएसवर, म्हणजे प्लांट चालवणाऱ्या कंट्रोल रूमच्या संगणकांवर, पोरांचा हात झरझर चालतो, तिथे मी शर्यत लावत नाही. परवा एका फ्लोचा ट्रेंड, म्हणजे प्रवाहाचा आलेख, एकदम सरळ रेघ, पोरं खूश. अहो, वाहत्या पाइपातलं रीडिंग थोडं तरी थरथरणारच! आधी फ्लो मोजणाऱ्या ट्रान्समीटरचं डॅम्पिंग, म्हणजे रीडिंगची थरथर दाबणारं सेटिंग, पाहिलं, कारण ते वाढवलं तरी रेघ गुळगुळीत होते. ते ठीक होतं. मग लूप मॅन्युअलवर घेऊन, म्हणजे आपोआप चालणारं नियंत्रण हाती घेऊन, व्हॉल्व्ह जरासा उघडायला लावला. आकडा जागचा हलेना. म्हणजे इम्पल्स लाइन, पाइपातला दाब ट्रान्समीटरपर्यंत नेणारी बारीक नळी, चोक. फ्लश केली, ट्रेंड पूर्ववत.

काही नवे ट्रान्समीटर हा चोक स्वतःच ओळखतात, तेव्हा ही हुशारीही फार दिवस पुरायची नाही. तोवर कुठली लाइन कशाने चोक होते ते टॅग नंबरप्रमाणे लिहून काढतोय. तेही एक्सेलमध्ये, वही कोण उघडतंय!