चित्र गेलं तरी प्रश्न उरावा: स्माईल्सवरच्या आक्षेपाला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "लेख वाचला, पटला नाही. अकरावी-बारावीच्या मुलांसमोर `c1ccccc1` असली अगम्य अक्षरं टाकून काय साधणार? संयुगाचं आयुपॅक नाव लिहा, फार तर रेणुसूत्र द्या, काम झालं. ही पद्धत सॉफ्टवेअरवाल्यांची आहे, फळ्यासमोर उभं राहणाऱ्यांची नाही."

नमस्कार सर,

स्माईल्स म्हणजे रेणूची रचना साध्या अक्षरांत, एका ओळीत लिहायची पद्धत. प्रश्नातल्या आकृतीखाली अशी ओळ लिहून ठेवावी, म्हणजे आकृती हरवली तरी प्रश्न सोडवता येईल, एवढंच माझ्या त्या लेखाचं म्हणणं होतं. तुमच्या आक्षेपातल्या रेणुसूत्रापासून सुरुवात करतो, कारण ते पुरेल असं बऱ्याच जणांना वाटतं. माझ्या जुन्या संग्रहात एक प्रश्न आहे: "वरील अ आणि ब या दोन्ही संयुगांचे रेणुसूत्र C8H8O3 आहे. तरी सामान्य तापमानाला अ द्रव आणि ब स्थायू का?" वरची आकृती केव्हाच गेली. रेणुसूत्र तर प्रश्नातच छापलेलं आहे, आणि तरीही प्रश्न सोडवता येत नाही. C8H8O3 म्हणजे व्हॅनिलिन असू शकतं, मँडेलिक आम्ल असू शकतं, आणखीही बरंच काही असू शकतं. विद्यार्थ्याने व्हॅनिलिन धरून कितीही सुरेख उत्तर लिहिलं तरी ते चुकणार.

आकृतीखाली या दोन ओळी असत्या तर प्रश्न शाबूत राहिला असता:

```
अ: COC(=O)c1ccccc1O
ब: COC(=O)c1ccc(O)cc1
```

आता वाचून बघू. डावीकडून अणू एकेक करत पुढे जायचं. हायड्रोजन लिहायचे नाहीत. प्रत्येक अणूची संयुजा पुरी होईल इतके ते धरून चालायचे. म्हणून पहिला `C` म्हणजे CH3. मग ऑक्सिजन, मग पुढचा कार्बन, आणि कंसात त्याला फुटलेली फांदी, म्हणजे दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन. इथवर मेथिल एस्टर झाला. त्यानंतरचे लहान लिपीतले सहा `c` हे बेंझीन वलयाचे कार्बन. ज्या दोन अणूंमागे `1` आहे ते एकमेकांना जोडले की वलय मिटतं. अ मध्ये शेवटचा OH ज्या कार्बनवर आहे, तोच वलय मिटवणारा कार्बन, म्हणजे एस्टर असलेल्या कार्बनचा सख्खा शेजारी. तेव्हा ही ऑर्थो जागा. ब मध्ये एस्टरच्या कार्बनपासून मोजत गेलं तर OH चौथ्या कार्बनवर येतो: पॅरा.

बाकीचं तुम्ही वर्गात रोज सांगता. अ हे मेथिल सॅलिसिलेट, दुखण्यावरच्या मलमांत उग्र वासाचं असतं ते. त्यातला OH आपल्याच रेणूतल्या C=O शी हायड्रोजन बंध करतो, शेजारच्या रेणूला फारसा धरत नाही; द्रवणांक शून्याच्याही खाली, उणे ८-९ अंश सेल्सिअसच्या आसपास. ब हे मेथिलपॅराबेन, सौंदर्यप्रसाधनांतलं परिरक्षक. त्यात OH आणि C=O एकमेकांपासून दूर, म्हणून रेणू रेणूला बांधला जातो आणि द्रवणांक सव्वाशे अंशांच्या पुढे जातो. एवढं सगळं त्या दोन ओळींत होतं.

आयुपॅक नावाने हे काम झालं असतं, हे मान्य. पण प्रश्नच "वरील संयुगाचे आयुपॅक नाव लिहा" असा असेल तर? नामकरणावर तर निम्मे प्रश्न तसेच असतात. तिथे आकृतीखाली नाव लिहिणं म्हणजे उत्तर लिहिणं. स्माईल्समध्ये रचना पूर्ण असते, पण मुख्य साखळी कोणती आणि क्रमांक कुठून द्यायचे हे विद्यार्थ्यालाच ठरवावं लागतं. शिवाय आपण नाव देवनागरीत लिहितो, कुणी मेथिल तर कुणी मिथाइल. नावावरून आकृती काढून देणाऱ्या प्रोग्रॅमना ते कळत नाही.

"सॉफ्टवेअरवाल्यांची पद्धत" यावर थोडं भांडतो. डेव्हिड वाइनिंगर यांनी १९८८ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली तेव्हा रसायनतज्ज्ञाला साध्या कीबोर्डवर हाताने लिहिता यावं हाही हेतू होताच. पाच-सहा नियमांत बारावीचं बहुतेक सेंद्रिय रसायन बसतं. आणि मुलांनी ते वाचावंच असा माझा आग्रह नाही. ते प्रश्न पुढे चालवणाऱ्यासाठी आहे: ओळ कॉपी करायची, पबकेम या संकेतस्थळाच्या शोधपेटीत टाकायची, आकृती परत समोर.

तुम्ही आक्षेप घ्यायला हवा होता तो खरं तर दुसरीकडे. ही ओळ गुपचूप बिघडू शकते. लहान `c` म्हणजे अॅरोमॅटिक कार्बन आणि मोठा `C` म्हणजे साधा. कुणी टंकलेखन करताना सगळं मोठ्या लिपीत केलं की अ चं `COC(=O)C1CCCCC1O` होतं. ही ओळ नियमाने बरोबर आहे, त्यामुळे प्रोग्रॅम तक्रार करत नाही. बेंझीनच्या जागी सायक्लोहेक्झेन काढून देतो. इथे तुमचं रेणुसूत्र कामाला येतं. या बिघडलेल्या ओळीचं सूत्र C8H14O3 निघतं, शेजारी C8H8O3 लिहिलेलं असेल तर सहा हायड्रोजन जास्त आल्याचं तिथल्या तिथे कळतं. म्हणून मी दोन्ही लिहितो.

दुसरा बिघाड जास्त वाईट आहे. कार्व्होनचं उदाहरण घ्या. त्याचं R रूप म्हणजे स्पिअरमिंट पुदिन्याचा वास. S रूप बाळंतशेपाच्या तेलात असतं. R रूप असं लिहितात:

```
CC1=CC[C@H](CC1=O)C(=C)C
```

`@` चिन्ह कायरल कार्बनभोवतीची मांडणी सांगतं. `@@` केलं की S रूप. पण चौकोनी कंसाला लागून गोल कंस आला की मार्कडाउन वापरणाऱ्या संकेतस्थळांना ती लिंक वाटते. गोल कंसातलं सगळं लिंकचा पत्ता समजून गिळलं जातं आणि पानावर `CC1=CCC@HC(=C)C` एवढंच दिसतं. यात `1` एकदाच आहे, वलय मिटतच नाही, म्हणून प्रोग्रॅम निदान नकार तरी देतो. खरी पंचाईत पुढे होते: कुणीतरी "दुरुस्त" करताना चौकोनी कंस, `@` आणि `H` काढून `CC1=CCC(CC1=O)C(=C)C` करतो. ही ओळ चालते, सूत्रही तेच C10H14O येतं, फक्त R की S ही माहिती नाहीशी झालेली असते. प्रश्न प्रतिबिंबरूपांबद्दल असेल तर तो मेला, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. यावर उपाय दोन: ओळ कोडच्या चौकटीत ठेवायची, आणि प्रश्नाचं उत्तर त्यातून फुटत नसेल तर शेजारी R किंवा S शब्दांतही लिहायचं.

अभिक्रियेच्या यंत्रणेचे वक्र बाण मात्र यात मावत नाहीत. इलेक्ट्रॉनची जोडी कुठून निघाली आणि कुठे गेली हा प्रश्न असेल, किंवा खुर्ची संरूपणात OH अक्षीय की विषुववृत्तीय असं विचारलं असेल, तर स्माईल्स फक्त रेणू वाचवेल. बाण मी शब्दांत लिहितो: "हायड्रॉक्साइडच्या ऑक्सिजनकडून कार्बोनिल कार्बनकडे, तिथून π जोडी ऑक्सिजनवर." लांबतं, पण सोडवता येतं.

तुमच्या संग्रहातले नामकरणाचे प्रश्न पाठवलेत तर त्यांच्या ओळी मी करून देईन. केमड्रॉ असेल तर तुम्हालाही जमेल: आकृती निवडा, Edit मध्ये Copy As, तिथे SMILES.